वसतिगृहातल्या गिझरच्या वेळा बदलायच्या? नोटिशीतला हिशेब असा मांडा

वेळा ठरवणं सोपं आहे. आठवडाभर सकाळी बाथरूमबाहेरच्या बादल्यांची रांग बघितली की कळतंच. घोडं अडतं ते 'किती युनिट वाचतील' या ओळीवर.

बहुतेक जण गिझरचे किलोवॉट गुणिले तास असा गुणाकार सुचवतात. तो करू नका. मी केला होता. आमच्या मुलींच्या वसतिगृहात 25 लिटरचे, 2 किलोवॉटचे 12 गिझर दिवसरात्र चालू असायचे. पहिल्या बेतात ते 4 तास बंद ठेवायचे होते म्हणून मी 12 × 2 × 4, म्हणजे रोज 96 युनिट वाचणार, अशी नोटीस लावली. संध्याकाळी एक मुलगी वही घेऊन आली. "मॅडम, गिझरच्या सबमीटरवर दिवसाला 44च युनिट पडतात. 96 वाचणार कुठून?"

चूक अशी, की पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. लाल दिवा विझलेला असतो तेव्हा गिझर 'चालू' असूनही वीज खात नाही. 25 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला साधारण 1 युनिट आणि अर्धा तास लागतो, मग तुम्ही ते पहाटे तापवा नाहीतर दुपारी. वाचते ती फक्त टाकीत निवत बसलेल्या पाण्याची उष्णता. म्हणून आंघोळी संपल्यावर नव्हे, शेवटच्या आंघोळीच्या वीस मिनिटं आधी स्विच बंद करा. उरलेलं गरम पाणी त्या आंघोळीत संपतं आणि टाकीत गारच पाणी राहतं.

आकडा मीटरवरूनच काढा. जुन्या वेळांनी मंगळवार ते गुरुवार तीन दिवस, पुढच्या आठवड्यात नव्या वेळांनी तेच तीन वार. रविवार घेऊ नका, त्या दिवशी केस धुणं असतं. थंडीतला आठवडा आणि मार्चमधला आठवडा यांची तुलना तर अजिबात नको, कारण नळाचं पाणीच वेगळं असतं. आमचे 132 युनिट 108 वर आले. फरक 24, म्हणजे रोज 8.

दर काढताना बिलातला स्थिर आकार वगळा, तो कमी होत नाही. बाकीची रक्कम भागिले युनिट. आमचा दर 10 रुपये आला.

मग नोटीस:

"सर्व विद्यार्थिनींना कळविण्यात येते की सोमवारपासून गिझर सकाळी 5.15 ते 8 आणि सायंकाळी 6.30 ते 8 चालू राहतील. सकाळी 8.20 पर्यंत गरम पाणी मिळेल. मोजणीनुसार बचत रोज 8 युनिट, महिन्याला 240 युनिट, म्हणजे 2,400 रुपये. 60 जणींत प्रत्येकी 40 रुपये वीजखर्चातून वजा होतील. आजारी असल्यास रेक्टरना सांगावे, तळमजल्यावरचा एक गिझर चालू केला जाईल."

ही नोटीस मीटरशेजारीच लावा.