अ‍ॅडचा खर्च सेम, मग ऑर्डर एकालाच का?

तुर्भ्याच्या गोडाऊनमधून एखाद्या शॉपिंग साइटवर दोन सारख्याच स्टील बाटल्या विकताय समजा, दोन्हीवर रोज ३०० रुपयांची अ‍ॅड, क्लिक ६ रुपयाला, म्हणजे दोघींना ५०-५० क्लिक, पण एकीला ५ ऑर्डर आणि दुसरीला १. इथे बरेच जण लगेच बिड, म्हणजे एका क्लिकमागे द्यायचे पैसे, वाढवतात, कृपया तसं करू नका, कारण क्लिक तर येतायतच ना, माणूस पेजवर येऊन परत जातोय.

इनकॉग्निटो विंडोत तीच साइट उघडा, ठाण्याचा पिनकोड टाका आणि गिऱ्हाईक जो शब्द टाकतं तोच सर्च करा. आता आजूबाजूच्या बाटल्या बघा. तुमची ३.७ स्टार, ९ रिव्ह्यू, ४४९ रुपये आणि शेजारची ४.३ स्टार, ६०० रिव्ह्यू, ३९९ रुपये, तर लोक तिकडेच जाणार. ९ रिव्ह्यूत एक-दोन वाईट आले तरी रेटिंग धाडकन पडतं, म्हणून १ स्टारवाले आधी वाचा. झाकण गळतं असं दोघांनी लिहिलं असेल तर आधी माल सुधारा, अ‍ॅड थांबवा. माल चांगला असेल तर मार्जिन बघून ५० चं कूपन लावा आणि बाकी काहीच न बदलता आठवडाभर ऑर्डर भागिले क्लिक बघा. विकतचे रिव्ह्यू मात्र नकोच, लिस्टिंगच उडू शकते.