लाल जमीन दिसली की लगेच कोकण म्हणू नका

फोटोत घर नाही, पाटी नाही. नुसती लाल जमीन, खुरटं गवत आणि आभाळ. असा फोटो समोर आला की बरेच जण 'कोकण' म्हणून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. ही लाल जमीन जांभा खडकाची असते. जांभा कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे तिथल्या सपाट कातळ-पठारांवर आहे, तसाच आपल्या साताऱ्याच्या कास पठारावर आणि पाचगणीच्या टेबललँडवरही आहे. दोन्हीकडे उष्ण, दमट हवेत खडक कुजला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं. रंगावरून खडक कळेल, पण तो किती उंचीवर आहे ते कळणार नाही.

त्यासाठी पठाराची कड बघा. समजा, फोटोत पुढे कातळ आहे, त्याच्या टोकाला लालसर उभी कड आहे आणि खाली आळीपाळीने काळा कडा, गवताचा उतार, पुन्हा कडा दिसतोय. या पायऱ्या म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. थराचा घट्ट भाग कडा होऊन टिकतो, वरचा सच्छिद्र भाग झिजून उतार होतो. समोरच्या डोंगरावरही पायऱ्यांच्या आडव्या रेषा त्याच पातळीत जात असतील, तर हा सह्याद्रीचा माथा आणि जांभा म्हणजे त्यावरची टोपी. कास सुमारे १२०० मीटरवर आहे, म्हणून खाली इतक्या पायऱ्या मावतात. कोकणातला सडा बहुधा शे-दोनशे मीटरवर असतो. त्याची कड थोडकी उतरून खाडीला नाहीतर समुद्राला भिडते.

दुसरी चूक नेमकी उलटी आहे: काळा कातळ दिसला की बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक म्हणायचं. उघड्यावरच्या जांभ्यावर शेवाळ आणि दगडफूल चढतं आणि तो करडा-काळा दिसतो. फोटो मोठा करून तुटलेली कड शोधा. आतून विटकरी-पिवळा आणि वारुळासारखा भोकाभोकांचा असेल तर तो जांभाच. बेसॉल्ट फुटला की आतून घट्ट, निळसर काळा असतो, कधी पोकळ्यांत पांढरे खडे असतात.

घाटातल्या कापलेल्या दरडीत लाल पट्टा दिसला तर वर काय आहे ते बघा. वरही काळा खडक असेल तर तो जांभा नव्हे, दोन थरांमधली लाल माती आहे. जांभ्याच्या डोक्यावर बेसॉल्ट नसतो.

काळ्या मातीवरून फार काही ठरवू नका. ती सांगलीच्या कृष्णाकाठी आहे तशी विदर्भातही आहे, आणि नदीकाठची माती तर वाहून आलेली असते.

फोटोत कड आलीच नसेल तर 'जांभ्याचं पठार' एवढंच म्हणा. कड आणि पायऱ्या दिसत असल्या तरी थेट 'कास' म्हणू नका, कारण पन्हाळ्याजवळचं मसाई पठारही असंच दिसतं.