बीमचं रीडिंग थिअरीशी जुळेना? आधी पट्टीची जाडी मोजा

सेकंड इयरला बीमचा बाक मोजायच्या या एका प्रॅक्टिकलने माझे दोन शनिवार खाल्ले. दोन टेकूंवर ठेवलेली माइल्ड स्टीलची पट्टी, मधोमध हँगर, खाली डायल गेज. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: δ = WL³/48EI. δ म्हणजे मधला बाक, W न्यूटनमधलं वजन, L टेकूंमधलं अंतर म्हणजे स्पॅन, E स्टीलचा ताठपणा, आणि I म्हणजे पट्टीची रुंदी गुणिले जाडीचा घन, भागिले १२. मीही ते घातलं, आणि पहिल्याच वजनाला २९ टक्के एरर आली.

मॅन्युअलमध्ये पट्टी २५ × ६ मिमी लिहिली होती. स्पॅन ८०० मिमी, E म्हणजे २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी. यातून I येतो ४५० आणि दर किलोला १.१६ मिमी बाक. माझी रीडिंग अशी होती: अर्ध्या किलोला ०.७५, एक किलोला १.३९, दीडला २.०४, दोनला २.६८, अडीचला ३.३३. एरर २९ टक्क्यांपासून उतरत उतरत साडेचौदावर आली. मी या पाच टक्केवाऱ्यांची सरासरी काढून "मानवी चूक" असं लिहिलं आणि जर्नल दिलं. सरांनी त्या दोन शब्दांखाली लाल रेघ मारून ते परत केलं. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, बरोबर केलं त्यांनी.

टक्केवारी वजनाबरोबर उतरत असेल तर बहुधा प्रत्येक रीडिंगमध्ये ठरावीक मिलिमीटर जास्तीचे शिरलेले असतात. ते पाहायला ग्राफ काढा. माझ्या ग्राफवर पाचही बिंदू एका सरळ रेषेत होते, पण रेषा शून्यातून जात नव्हती, ०.१ मिमी वर अक्ष कापत होती. पट्टीला किंचित पीळ होता. पहिलं वजन पडताच ती टेकूंवर नीट बसली आणि तेवढी खाली गेली. त्याला वाकणं म्हणत नाहीत. यावर उपाय साधा आहे. दोन-तीनदा पूर्ण वजन चढवा, उतरवा, मग हँगर लटकत असतानाच डायल शून्यावर आणा. पट्टीचं स्वतःचं वजनही त्या शून्यातच जातं, त्याची वेगळी काळजी नको. तुलना मात्र रेषेच्या चढाची करा, सुट्या रीडिंगची नको.

माझा चढ निघाला किलोला १.२९ मिमी. म्हणजे एरर ११ टक्क्यांवर आली, आणि ती आता सगळ्या वजनांना सारखी होती. सारखी टक्केवारी उरली की संशय L, E किंवा I वर घ्यायचा. स्पॅन मी टेकूच्या धारेपासून धारेपर्यंत पुन्हा मोजला, तो ठीक होता. (पट्टीची पूर्ण लांबी स्पॅन म्हणून घालणारेही पाहिलेत. लांबीचा घन होतो, विसरू नका.)

मी अडकलो ते जाडीत. लॅबमधले मामा सहज म्हणाले, "अरे, दरवर्षी गंज आला की ही पट्टी पॉलिश पेपरने घासतो आम्ही. सहा कुठली राहतेय ती!" स्क्रू गेज लावला तर ५.८० मिमी. फरक फक्त ०.२ मिमीचा, मला वाटलं याने काय होणार. पण I मध्ये जाडीचा घन आहे. ६ चा घन २१६, ५.८ चा १९५. जाडी सव्वातीन टक्क्यांनी कमी, तर बाक जवळजवळ ११ टक्क्यांनी जास्त. नवा I ४०६, नवी थिअरी किलोला १.२८७ मिमी. रुंदीत तेवढाच फरक असता तर एक टक्काही हललं नसतं. म्हणून जाडी पट्टीवर तीन ठिकाणी मोजा, स्क्रू गेजनेच. फूटपट्टीने अर्धा मिमी चुकलात तर बाक २५ टक्क्यांनी फिरतो.

सीनियरच्या जर्नलवरून रीडिंग उतरवू नका. नीतिमत्ता राहू द्या बाजूला, त्या वर्षी पट्टी वेगळ्या जाडीची होती! आणि उत्तर जुळावं म्हणून E चा आकडा २ लाखांवरून सरकवत बसणं तर त्याहून वाईट. एरर दहा टक्के आली म्हणून मार्क जात नाहीत, ती कुठून आली हे सांगता आलं नाही की जातात. एवढ्या वजनाला पट्टीतला ताण ३५ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास असतो, माइल्ड स्टीलच्या यील्डच्या खूप खाली. त्यामुळे "पट्टी कायमची वाकली असेल" ही सबबही चालत नाही.

व्हायवात सरांनी विचारलं, "१.२९ आणि १.२८७, इतकं जुळलं कसं?" मी खूश होऊन म्हणालो, अचूक मोजलं. त्यांनी माझीच जाडीची तीन रीडिंग दाखवली: ५.७८, ५.८०, ५.८२. जाडीत ०.०२ मिमी इकडेतिकडे म्हणजे थिअरीत एक टक्का इकडेतिकडे. पाव टक्क्यापर्यंत जुळणं हा योगायोग होता, आणि तसं निष्कर्षात लिहायला सांगून त्यांनी सही केली.