वर्गासाठी चित्रपटातला प्रसंग कापून घेताना या चुका टाळा

वर्गात दाखवण्यासाठी चित्रपटातील दोन-तीन मिनिटांचा प्रसंग वेगळा काढणारे शिक्षक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: किती सेकंदांपर्यंत चालते? भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७ सेकंद मोजतच नाही. प्रसंग कोणी घेतला, कशासाठी घेतला आणि शेवटी तो कोणापर्यंत पोहोचला, हे तो पाहतो. त्यामुळे पाच मिनिटांचा प्रसंग वर्गात निर्धास्तपणे दाखवता येतो आणि चाळीस सेकंदांचा तुकडा भलत्या ठिकाणी टाकला तर हक्कभंग ठरू शकतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका वरिष्ठ महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापिका साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकवत आहेत. कादंबरीतील एक प्रसंग पडद्यावर आणताना दिग्दर्शकाने काय गाळले आणि काय वाढवले, हे दाखवण्यासाठी त्यांना दहा वर्षांपूर्वीच्या एका मराठी चित्रपटातील २ मिनिटे ४० सेकंदांचा भाग हवा आहे. ग्रंथालयात त्या चित्रपटाची अधिकृत डीव्हीडी आहे. त्यांचा हेतू चोख आहे आणि तरीही पुढच्या प्रत्येक टप्प्यावर चूक होण्याची शक्यता आहे.

पहिली चूक: ‘तीस सेकंद चालतात’ असे धरून चालणे

दहा सेकंद, तीस सेकंद, दहा टक्के असे आकडे शिक्षकांच्या गटांतून सतत फिरत असतात. कलम ५२ मध्ये यांपैकी एकही आकडा नाही. तेथे शिक्षकाच्या उपयोगाची दोन वेगवेगळी कलमे आहेत आणि त्यांतील फरक समजला की निम्मा गोंधळ संपतो.

कलम ५२(१)(आय) नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत करणे हा हक्कभंग ठरत नाही. परीक्षेतील प्रश्न आणि उत्तरे यांनाही तीच सवलत आहे. ही सवलत प्रत करण्याविषयी, म्हणजे आपल्या भाषेत कापून घेण्याविषयी, आहे. कलम ५२(१)(जे) दाखवण्याविषयी आहे. शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात चित्रपट दाखवता येतो, मात्र प्रेक्षक म्हणून संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामकाजाशी संबंधित व्यक्ती एवढेच असावे लागतात. हे बंधन नजरेआड करूनच स्नेहसंमेलनाला गावभर निमंत्रण देऊन पडद्यावर चित्रपट लावला जातो आणि ‘शाळेतच तर दाखवला’ असे समर्थन केले जाते. जागा शाळेची असली तरी प्रेक्षक बाहेरचे असतील, तर हे कलम उपयोगी पडत नाही.

‘अध्यापनाच्या ओघात’ याचा अर्थ किती व्यापक घ्यायचा, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रत प्रकरणात सांगितले. तो वाद पुस्तकांतील प्रकरणांच्या छायाप्रतींचा होता. खंडपीठाच्या मते अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील तास नव्हे, अध्यापनाची सबंध प्रक्रिया त्यात येते, आणि किती मजकूर घेतला याची कसोटी शिकवण्याच्या उद्देशासाठी तेवढा आवश्यक होता का, ही आहे. कलमाचे शब्द ‘कोणतीही कृती’ असे असल्याने चित्रपटाचा तुकडा घेतानाही हीच कसोटी समोर ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राध्यापिकांनी म्हणून घड्याळाऐवजी पाठाचे टाचण पाहावे. प्रसंग ४७ मिनिटे १२ सेकंदांपासून ४९ मिनिटे ५२ सेकंदांपर्यंत आहे. त्यापुढे लगेच गाणे सुरू होते. पाठात गाण्याची चर्चा नसेल तर ते आवडते म्हणून ठेवू नये. टाचणात प्रसंगाची सुरुवात, शेवट आणि कोणत्या मुद्द्यासाठी तो घेतला याची एक ओळ लिहून ठेवली, तर उद्या कोणी विचारले असता उद्देश कागदावर दिसतो.

दुसरी चूक: ओटीटीवरून रेकॉर्ड करणे

डीव्हीडी शोधण्याऐवजी प्राध्यापिका आपल्या खात्यावरून चित्रपट लावतात आणि स्क्रीन रेकॉर्डर सुरू करतात. फाइल उघडल्यावर आवाज व्यवस्थित ऐकू येतो आणि चित्राच्या जागी काळा चौकोन दिसतो. हा संगणकाचा बिघाड नाही. डीआरएम नावाचे कुलूप आपले काम करत आहे. अशा वेळी ते कुलूप तोडणारे सॉफ्टवेअर शोधणे ही खरी चूक आहे. कलम ६५ए नुसार हक्कभंगाच्या उद्देशाने असे संरक्षण तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ही तरतूद लागू होत नाही, परंतु तेवढ्यावर प्रश्न मिटत नाही. ओटीटीचे खाते व्यक्तिगत वापराच्या अटींवर दिलेले असते आणि त्या अटी मोडल्याची जबाबदारी वेगळी राहते. बाजारातील बऱ्याच डीव्हीडींवरही असेच कुलूप असते, हेही ध्यानात ठेवावे.

यावरचा उपाय अगदी सोपा आहे आणि तरी फार कमी जण तो वापरतात: कापूच नये. डीव्हीडी वर्गातील संगणकावर लावावी, ४७ मिनिटे १२ सेकंदांवर नेऊन थांबवावी, तास सुरू झाल्यावर चालवावी आणि ठरल्या जागी बंद करावी. प्रत तयार झाली नाही, म्हणजे प्रतीचा प्रश्नच उरला नाही. दाखवण्याला कलम ५२(१)(जे) चा आधार आहे. चार प्रसंग शेजारी ठेवून तुलना करायची असेल किंवा एखादी चौकट गोठवून त्यावर खुणा करायच्या असतील, तेव्हाच कापण्याची खरी गरज पडते.

तिसरी चूक: तुकडा वर्गाबाहेर जाऊ देणे

सर्वाधिक अडचणी येथे होतात, कारण तास संपल्यावर फाइल कोठे जाते याकडे कोणी पाहत नाही. गैरहजर विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापिका तुकडा ड्राइव्हवर ठेवतात आणि सोय म्हणून `Anyone with the link` हा पर्याय निवडतात. त्या क्षणी प्रेक्षकांची मर्यादा संपते, कारण दुवा ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो. येथे `Restricted` निवडून महाविद्यालयाच्या ईमेल पत्त्यांनाच प्रवेश द्यावा, डाउनलोड बंद करावे आणि सत्र संपल्यावर फाइल काढून टाकावी. व्हॉट्सॲप गटात फाइल टाकणे तर पूर्णपणे टाळावे. एकदा पुढे पाठवली गेलेली फाइल परत आणण्याचा कोणताही मार्ग शिक्षकाकडे नसतो.

पुढचा टप्पा यूट्यूबचा. संपूर्ण व्याख्यान चॅनेलवर टाकले की ते आता वर्गापुरते राहत नाही, आणि शिक्षकासाठीच्या या दोन्ही कलमांचा आधार तेथे फार लंगडा होतो. `Unlisted` ठेवल्याने फरक पडेल असे अनेकांना वाटते, पण कंटेंट आयडी ही स्वयंचलित यंत्रणा अशा चित्रफितीही तपासते. तिला प्राध्यापिकांचा पाठ समजत नाही. चित्र किंवा आवाज जुळला की ती दावा नोंदवते, आणि हा दावा पुष्कळदा संवादामुळे न येता पार्श्वभूमीतील संगीतामुळे येतो. गाणे सुरू होण्याआधी थांबण्याचा सल्ला वर दिला, त्याचे हेही एक कारण आहे.

दावा आला की घाबरून चॅनेल बंद करू नये आणि रागाने लगेच आव्हानही देऊ नये. कंटेंट आयडीचा दावा आणि कॉपीराइट स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यामुळे चित्रफीत अडवली जाऊ शकते किंवा जाहिरातीचे उत्पन्न दावेदाराकडे जाऊ शकते, तर ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्यास चॅनेल बंद होण्याची वेळ येते. यूट्यूब स्टुडिओत दावा कोणत्या सेकंदांवर आहे ते आधी पाहावे. फक्त संगीत असेल तर तेवढा भाग छाटावा किंवा त्याचा आवाज काढावा. मुख्य प्रसंगावर दावा असेल, तर आपण त्या प्रसंगाचे खरोखर विश्लेषण करत आहोत का, हे स्वतःला विचारावे. कलम ५२(१)(ए) समीक्षेसाठी केलेला न्याय्य वापर मान्य करते आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यात चित्रपटही येतात. प्रसंग थांबवत, त्यावर बोलत, आवश्यक तेवढाच भाग दाखवला असेल तर आव्हानाला अर्थ आहे. त्याला उत्तर देण्यासाठी दावेदारास ३० दिवस मिळतात. प्रसंग सलग दाखवून अखेरीस दोन वाक्ये बोललेली असतील, तर आव्हान देऊ नये. ‘शैक्षणिक हेतूसाठी’ किंवा ‘सौजन्य: निर्माता’ अशी पाटी लावल्याने परवानगी मिळत नाही.

शुल्क आकारून ॲपवर व्याख्याने विकणाऱ्या खासगी क्लासने तर या सवलतींवर विसंबूच नये. तेथे परवाना घेणे हाच मार्ग आहे.

चौथी चूक: चुकीच्या माणसाची परवानगी घेणे

चित्रपटाचे दिग्दर्शक महाविद्यालयात व्याख्यानाला येतात आणि चहा घेताना म्हणतात, “मॅडम, खुशाल वापरा.” प्राध्यापिकांना वाटते की काम झाले. कायद्याच्या दृष्टीने मात्र चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो आणि हक्कांचा पहिला धनीही सहसा तोच असतो. त्याने डिजिटल हक्क एखाद्या कंपनीला विकलेले असू शकतात आणि गाण्यांचे हक्क संगीत कंपनीकडे गेलेले असू शकतात. म्हणून निर्मात्याला पहिला प्रश्न ‘परवानगी द्याल का?’ असा न विचारता ‘या वापराचे हक्क आज कोणाकडे आहेत?’ असा विचारावा.

परवानगी लेखी असावी लागते. पत्रात चित्रपटाचे नाव, प्रसंगाची सुरुवात आणि शेवट, अभ्यासक्रम, कोठे ठेवणार, कोण पाहणार, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशात, हे सर्व यावे. शेवटचे दोन तपशील राहून जातात आणि तेच महागात पडतात. परवान्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. सहाव्या वर्षी तेच व्याख्यान चॅनेलवर असेल किंवा ते दुबईतील विद्यार्थी पाहत असतील, तर परवानगी असूनही ती अपुरी ठरते.

पाचवी चूक: जुना चित्रपट म्हणजे मोकळा, असे समजणे

चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे राहतो. ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ चा, म्हणून त्याचे हक्क २०१३ अखेर संपले. पण त्यातील लेखन आणि संगीत यांची मुदत त्यांच्या कर्त्यांच्या निधनापासून मोजली जाते. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये. त्यामुळे अत्र्यांच्या लेखनाचे हक्क २०२९ अखेर आणि देसाईंच्या संगीताचे २०३५ अखेरपर्यंत वेगळे मोजावे लागतात. प्रसंग वर्गात दाखवताना याने अडत नाही. संवाद छापताना किंवा गाणे सुटे करून प्रसारित करताना मात्र अडते. नव्याने लिहिलेल्या उपशीर्षकांचे हक्कही स्वतंत्र असतात. अमेरिकेतील मराठी शाळांनी तर भारतातील मुदतीवर जाऊच नये, कारण तेथे अशा चित्रपटाचे संरक्षण प्रदर्शनापासून ९५ वर्षांपर्यंत असू शकते.

आपल्या प्राध्यापिकांच्या पत्राला महिनाभर उत्तर आले नाही, तर त्या मौनाला होकार समजू नये. यूट्यूबवरील व्याख्यानातून प्रसंग काढून त्या जागी त्याचे वर्णन, संवादातील एक-दोन ओळी आणि वेळेची नोंद द्यावी, म्हणजे पाहणाऱ्याला अधिकृत ठिकाणी चित्रपट लावून ४७ मिनिटे १२ सेकंदांवर स्वतः जाता येईल. वर्गात मात्र डीव्हीडी लावून पूर्वीप्रमाणेच शिकवता येते, त्यासाठी त्या पत्राच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही.