आईला दिसत नसेल तर लेकरू वाढवताना या चुका टाळा

मी जन्मापासून पाहू शकत नाही आणि माझी मुलगी आता शाळेत जाते. अंबाजोगाई, परळी, गंगाखेड या भागातल्या अनेक अंध आयांशी माझं बोलणं असतं. नवीन बाळ झालेल्या बाईचा फोन आला की भीती जवळपास ठरलेल्याच असतात: औषध चुकलं तर, लेकरू हरवलं तर, आणि लोक विचारतील त्याला काय सांगू. त्याच क्रमानं लिहिते.

औषध बुचानं किंवा चमच्यानं मोजणं

सगळ्यात धोक्याची चूक ही आहे. सिरपचं बूच किती भरलं ते बोट घालून नीट कळत नाही, आणि घरातला चमचा कोणाचा केवढा असतो. त्याहून मोठा घोळ बाटलीचा. तापाचं पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी निदान तीन ताकदींत मिळतं. एका सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात 5 मिलिलिटरला 250, आणि ड्रॉप्सच्या छोट्या बाटलीत 1 मिलिलिटरलाच 100. तिन्ही गोड, तिन्ही चिकट, वासही सारखेच.

हिशोब करून बघा. लेकराचं वजन 10 किलो आहे. पॅरासिटामॉलचा एक डोस साधारण किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 100 ते 150. साध्या सिरपचे 5 मिलिलिटर दिले की 125 मिलिग्रॅम पोटात गेलं, बरोबर झालं. पण शेजारणीनं तिच्या घरातली ड्रॉप्सची बाटली आणून दिली आणि तुम्ही सवयीनं तेच 5 मिलिलिटर दिले, तर 500 मिलिग्रॅम गेलं. चौपट. असं वारंवार झालं तर लिव्हरला इजा होते. म्हणून घरात एकाच ताकदीची बाटली ठेवायची, ड्रॉप्स आणि सिरप दोन्ही कधीच नाही. दुसऱ्याच्या घरची बाटली तर घ्यायचीच नाही.

मोजण्यासाठी मेडिकलमधून बिनसुईची 5 मिलिलिटरची सिरिंज आणा. डॉक्टरांनी लेकराच्या वजनाप्रमाणे डोस सांगितला की मेडिकलवाल्याला तेवढं औषध सिरिंजमध्ये ओढायला सांगा. मग दट्ट्याची दांडी नळीच्या कडेशी जिथं येते तिथं ब्लेडनं एक खाच पाडून घ्या. घरी दट्ट्या ओढताना ती खाच नखाला लागली की थांबायचं, डोस भरला. खाच खोल नको, दांडी मोडते. लेकराचं वजन वाढून डोस बदलला की जुनी सिरिंज टाकून नवीन करायची. एका दांडीवर दोन खाचा म्हणजे रात्री दोन वाजता कोणती कुठली हे आठवत बसणं.

सिरिंजमध्ये हवा तर शिरली नाही ना, हे कसं कळायचं? औषध आधी छोट्या वाटीत ओता, सिरिंजचं तोंड वाटीच्या तळाला टेकवा, एकदा ओढून परत सोडा आणि मग खाचेपर्यंत ओढा. सिरप घट्ट असतं, त्यामुळे दट्ट्या जड येतो. मध्येच तो एकदम हलका सुटला तर हवा शिरली, परत भरा. लेकराला देताना गालाच्या आतल्या बाजूनं थोडं थोडं सोडायचं, सरळ घशात नाही. दोन डोसांत किमान चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. दिलेली वेळ लगेच फोनवर बोलून ठेवा, नाहीतर सासूबाई आणि तुम्ही दोघीही देऊन बसता. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना.

बाटल्या ओळखायला रबर पुरतं. तापाच्या औषधाला एक रबर, खोकल्याच्याला दोन. पावडरचं अँटिबायोटिक असेल तर त्यात पाणी दुकानातच घालून घ्या, कारण बाटलीवरची पाण्याची खूण हाताला लागत नाही.

हात लावून ताप ठरवणं

मे महिन्यात आपल्याकडं पत्र्याच्या घरात निरोगी लेकराचं कपाळही तापलेलं लागतं. बोलणारा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. हाताचा खरा उपयोग दुसरीकडं आहे. लेकरू झोपलेलं किंवा शांत असताना पोटावर तळवा ठेवा, फोनवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त आले तर श्वास जोरात चाललाय, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. दवाखान्यात प्रशिक्षित सिस्टरसुद्धा याच आकड्यांनी ठरवते. इथं आपलं काहीच कमी पडत नाही.

कमी पडतं ते रंगाचं. नवजात बाळाची कावीळ हाताला लागत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला म्हणा, "ताई, बाळाला दारात उजेडात घ्या आणि तळहात-तळपाय पिवळे दिसतात का ते नीट सांगा." न सांगता ती खोलीत बसूनच कार्ड भरून जाऊ शकते.

पैंजणावर सगळी भिस्त ठेवणं

घुंगरांचं पैंजण हे आपलं जुनंच साधन आहे, आणि रांगत्या लेकराला ते खरंच उपयोगी पडतं. पण पैंजण वाजतं ते लेकरू हलतं तेव्हा. मातीचं ढेकूळ तोंडात घालून एका जागी बसलेलं लेकरू अगदी शांत असतं. म्हणून आवाज थांबला की जवळ जायचं, ही सवय लावा. घुंगरू सैल झाला की सुटतो आणि तोंडात जातो, तेव्हा रोज आंघोळीच्या वेळी एकेक ओढून बघा. लग्नमंडपात दहा पोरींच्या पायात पैंजण आणि वर बँड, तिथं ते काहीच कामाचं नाही. तिथं लेकरू कडेवर, नाहीतर जुन्या सुती साडीची झोळी छातीशी बांधून त्यात. म्हणजे काठीचा हात मोकळा राहतो.

आपल्या भागात मला जास्त काळजी पाण्याची वाटते. नळ आठवड्यानं येतो, टँकरवर भागवावं लागतं, त्यामुळे घरोघरी ड्रम, टाक्या, अंगणात हौद. ड्रममध्ये डोकावणारं लेकरू ओरडत नाही, डोकं जड असल्यानं सरळ आत जातं. ड्रमला पेचाचं झाकण हवं, बादल्या वापरून झाल्या की पालथ्या, हौदाला कडीचं झाकण. दिसणाऱ्या माणसांच्या घरीही हे हवंच. आपण फक्त त्यात हयगय करायची नाही, आणि रोज रात्री झाकणांवरून एकदा हात फिरवायचा.

लेकरू चालायला लागलं की त्याला उमगतं की गप्प बसलं तर आई शोधू शकत नाही. तेव्हा रागावून उपयोग नाही. हाक मारली की "ओ" द्यायची, हा खेळ त्याआधीपासूनच खेळा. ओ आली की लगेच जवळ घ्या, शेंगदाणा-गुळाचा लाडू द्या (अगदी लहान असेल तर नुसता गूळ, अख्खा शेंगदाणा घशात अडकतो). मान हलवून उत्तर दिलं की "बोलून सांग" म्हणा. दोन वर्षांचं लेकरू हे सहज शिकतं.

प्रत्येकाला पूर्ण कहाणी सांगणं

एसटीत बसलं की सुरू होतं. "माय, कसं सांभाळतीस गं एवढंसं लेकरू?" "मालकाला तरी दिसतंय का?" "हिला दिसतंय ना?" पुष्कळ जणी इथं घाबरून सगळं सांगून टाकतात: डोळे कसे गेले, लग्न कसं जमलं, सासू काय म्हणाली. एका उत्तरातून पुढचे चार प्रश्न निघतात आणि हे सगळं मांडीवरचं लेकरू ऐकतं. दुसऱ्या टोकाला काही जणी भांडतात, आणि लेकरू तेही ऐकतं. विचारणारी बाई अंबाजोगाईला उतरून जाईल, लेकरू घरी येणार आहे. तेव्हा उत्तर त्याच्या कानासाठी द्यायचं.

मी एक वाक्य उत्तराचं आणि एक कामाचं ठेवते. "मीच सांभाळते, मावशी. घाटनांदूर आलं की मला सांगा बरं." पहिल्या वाक्यानं विषय संपतो, दुसऱ्यानं मावशीला करायला काहीतरी मिळतं, आणि बहुतेक माणसं ते मनापासून करतात. "हिला दिसतंय ना?" या प्रश्नाला मी "ती छान आहे" एवढंच म्हणते. हो म्हटलं की समोरचा "देवाची कृपा" म्हणतो, आणि मग ज्या लेकराला दिसत नाही त्याच्यावर देवाची कृपा नाही असं होतं. ते माझ्या मुलीनं ऐकू नये असं मला वाटतं.

प्रश्नापेक्षा हात जास्त त्रास देतात. "दे इकडं, पडंल" म्हणत कोणी लेकरू उचलायला लागलं की आधी दोन्ही हातांनी घट्ट धरा, मग बोला: "लेकरू माझ्याकडंच राहू द्या. बॅग धरा पायजे तर." गर्दीत लेकरू अनोळखी हातात गेलं तर ते कुठं आहे हे आपल्याला कळणार नाही, म्हणून इथं भिडस्तपणा चालत नाही.

तिसरी गोष्ट दहाची नोट. पाहुण्यांनी निघताना लेकराच्या हातात पैसे ठेवणं ही रीत आहे, ते घ्या. स्टँडवर अनोळखी माणूस ठेवतो ती भीक असते. "काका, आशीर्वाद द्या, पैसे नको" म्हणून नोट परत करा, लेकराच्या हातानंच.

कधी नात्यातलं कोणी म्हणतं, "तुझ्यानं होत नाही, लेकरू आमच्याकडं नाहीतर संस्थेत दे." भारतानं मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातल्या कलम 23 प्रमाणे आईबापाच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल त्यांच्यापासून वेगळं करता येत नाही. मुलाच्या हितासाठी गरज असेल तर फक्त सक्षम सरकारी यंत्रणाच तसं ठरवू शकते, आणि तो निर्णयही न्यायालयात तपासता येतो. हे कलम फोनमध्ये आवाजात रेकॉर्ड करून ठेवा आणि गरज पडली तर लावून ऐकवा.

लेकराला आपले डोळे करणं

पाच वर्षांची पोर दुकानात भाव वाचते, रस्ता दाखवते, लोक कौतुक करतात. आवडीनं वाचत असेल तर वाचू द्या. पण रस्ता ओलांडताना हात तिनं आईचा धरायचा असतो, न्यायचं काम आईचं आणि काठीचं. शाळेत पोरं विचारतात, "तुझ्या आईला दिसत नाही?" त्यासाठी तिला तिच्या तोंडी बसेल असं एक वाक्य घरी तयार करून द्या. माझी मुलगी म्हणते, "नाही दिसत, ती हातानं बघते. चल खेळू." आणि उत्तर द्यायचं नसेल तर नुसतं "चल खेळू" म्हटलं तरी चालतं, हेही मी तिला सांगून ठेवलंय.