खराब मायटोकॉन्ड्रिया कुठल्या वाटेने जातो: प्रयोगाआधीची तयारी

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बेळगावात सेल कल्चरला हात घालणाऱ्या आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडून रोज ये-जा करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. पेशींना औषध देण्याआधी कायकाय हाताशी हवं, ते इथे क्रमाने आहे.

पहिल्यांदा वहीत प्रश्न लिहून घ्या. ‘ऑटोफॅजी वाढते का’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. आपला प्रश्न असा: मायटोकॉन्ड्रिया निकामी झाला की त्याच्या बाहेरच्या आवरणावरचं मायटोफ्युसिन-२ कोण संपवतं, आणि आतलं प्रथिन कोण संपवतं? एक वाट प्रोटिएसोमची, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या पिंपासारख्या यंत्राची, आणि दुसरी ऑटोफॅजीची, म्हणजे पटलात गुंडाळून लायसोसोममध्ये जिरवण्याची. एकाच खराब अवयवाचे दोन भाग या दोन वेगळ्या वाटांनी जातात, म्हणून दोन्ही वाटांची तुलना करायला यासारखं उदाहरण नाही.

मग आकाराचा हिशेब पक्का करा. प्रोटिएसोमच्या पिंपाचं तोंड साधारण १.३ नॅनोमीटरचं असतं. त्यात घडी घातलेलं प्रथिनसुद्धा जात नाही. वरची टोपी एटीपी खर्चून प्रथिन उलगडते आणि साखळी आत सरकवते. रसवंतीच्या चरकात एकेक ऊस जातो, मोळी जात नाही, तसंच हे. प्रथिनांचा घट्ट गोळा झाला असेल तर तोही तिथे अडतो, आणि मायटोकॉन्ड्रियाची तर गोष्टच सोडा, त्याची जाडीच अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून जास्त. त्याला ऑटोफॅगोसोमचं दुहेरी पटल गुंडाळून घेतं आणि लायसोसोमकडे नेतं. पण बाहेरच्या आवरणात रुतलेलं एखादं प्रथिन पी-९७ नावाचं एन्झाइम ओढून काढू शकतं, आणि असं सुटं झालेलं प्रथिन प्रोटिएसोमला चालतं.

आता पेशी. साध्या हेला पेशी घेऊन बसू नका. त्यांत पार्किन जवळजवळ नसतं, आणि पार्किनशिवाय हा प्रयोग होत नाही. पार्किन घातलेली हेला लाइन ज्या लॅबमध्ये आहे तिथून ती आधी मागवा, आणि ती मिळाल्यावरच तारीख ठरवा. पार्किन का लागतं तेही समजून घ्या, कारण व्हायव्हात ते विचारतात. धडधाकट मायटोकॉन्ड्रिया पिंक-१ हे प्रथिन आत ओढतो, कापतो, आणि कापलेला तुकडा प्रोटिएसोम लगेच संपवतो, म्हणून एरवी ब्लॉटवर पिंक-१ दिसतच नाही. आतल्या पटलाचा विद्युत दाब गेला की ते आत शिरू शकत नाही, बाहेरच साचतं, आणि पार्किनला बोलावून कामाला लावतं. पार्किन आवरणावरच्या प्रथिनांना युबिक्विटिन हे खुणेचं छोटं प्रथिन चिकटवतं. इथून पुढे वाटा फुटतात.

मायटोकॉन्ड्रिया निकामी करायला पुष्कळजण सीसीसीपी वापरतात. माझं मत अँटिमायसिन आणि ऑलिगोमायसिनच्या जोडीला. सीसीसीपी प्रोटॉन कुठल्याही पटलातून नेतं, त्यामुळे लायसोसोमची आम्लताही बिघडू शकते, आणि आपल्याला तर लायसोसोमचंच काम मोजायचं आहे.

अडवणारी औषधं दोन. प्रोटिएसोमसाठी एमजी-१३२, सहसा १० मायक्रोमोलर. लायसोसोमसाठी बॅफिलोमायसिन ए-१, १०० नॅनोमोलर. ते आम्ल भरणारा पंप बंद करतं. दोन्ही डीएमएसओत विरघळवून छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा, एक ट्यूब एकदाच. पावसाळ्यात खानापूरकडे वीज गेली की तासन्‌तास येत नाही, त्यामुळे औषधं किंवा नमुने घरच्या फ्रीजच्या भरवशावर नेऊ नका, लॅबमध्येच राहू देत. ऑटोफॅगोसोम मोजायला वापरतो ते एलसी३ प्रथिन पुन्हा पुन्हा वितळलं-गोठलं की बिघडतं, त्यातही एलसी३-एक आधी.

सहा खणांची एक प्लेट नेमकी पुरते. पहिल्या खणात नुसतं डीएमएसओ, दुसऱ्यात अँटिमायसिन-ऑलिगोमायसिनची जोडी, तिसऱ्यात जोडी आणि एमजी-१३२, चौथ्यात जोडी आणि बॅफिलोमायसिन, पाचव्यात एकटं एमजी-१३२, सहाव्यात एकटं बॅफिलोमायसिन. डीएमएसओचं प्रमाण सहाही खणांत सारखं हवं. वेळ चार तास. सकाळच्या बसने येऊन दहाच्या सुमारास औषध घातलंत, तर पेशी फोडून नमुने उकळून संध्याकाळची बस मिळते. जास्त वेळ ठेवण्याचा मोह टाळा: प्रोटिएसोम फार वेळ बंद राहिला की पेशी ऑटोफॅजी वाढवते, आणि मग कुणी काय केलं ते वेगळं काढता येत नाही.

पेशी फोडण्याच्या बफरमध्ये प्रोटिएझ इनहिबिटरसोबत एन-इथाइल मॅलिइमाइड ताजं घाला, नाहीतर पेशीतली एन्झाइम्स युबिक्विटिन सोलून टाकतात आणि आपल्याला हवी ती शिडी दिसत नाही. डीटीटी मात्र या टप्प्यावर नको, ते मॅलिइमाइडलाच निकामी करतं. मायटोफ्युसिन-२ सुमारे ८६ किलोडाल्टनचं आणि एलसी३-दोन, म्हणजे एलसी३चं ऑटोफॅगोसोमच्या पटलाला चिकटलेलं रूप, जेमतेम १५च्या आसपास, म्हणून ग्रेडियंट जेल घ्या किंवा दोन जेल लावा. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ असू दे, मोठ्या छिद्रांतून एलसी३ निसटतं.

ब्लॉट येण्याआधीच अपेक्षित चित्र पेन्सिलीने काढून ठेवा. दुसऱ्या खणात मायटोफ्युसिन-२ची पट्टी फिकी किंवा गायब. तिसऱ्यात ती परत आलेली, वर युबिक्विटिन लागलेल्या जड पट्ट्यांसकट. चौथ्यात मात्र गायबच, कारण हे काम लायसोसोमचं नाही. पाचव्यात पिंक-१चा ५२ किलोडाल्टनचा कापलेला तुकडा दिसायला हवा. तो नसेल तर एमजी-१३२ने कामच केलेलं नाही, आणि तिसऱ्या खणावरून काही बोलू नका. एलसी३-दोन दुसऱ्या खणात वाढलं म्हणून नाचू नका: ऑटोफॅगोसोम जास्त बनले तरी वाढतं आणि पुढे रिकामे होणं थांबलं तरी वाढतं. चौथा आणि सहावा खण शेजारी ठेवून बघा. चौथ्यात सहाव्यापेक्षा जास्त असेल तरच बनणं खरोखर वाढलं. ऑटोफॅजीत स्वतःही संपणाऱ्या पी-६२वर एकट्यावर विसंबू नका, ताण आला की पेशी ते नव्याने बनवते.

आतल्या प्रथिनासाठी दुसरी प्लेट लागते. सायटोक्रोम ऑक्सिडेजचा दुसरा घटक घ्या. तो आतल्या पटलात असतो आणि घटायला २४ तासांच्या आसपास लागतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हजर राहावं लागेल. एवढा वेळ पेशी जिवंत राहाव्यात म्हणून कॅस्पेज अडवणारं औषध सोबत द्या. इथे एमजी-१३२ दिलं तर हा घटकसुद्धा शिल्लक राहिलेला दिसू शकतो, आणि तिथेच मुलं लिहून मोकळी होतात की तो प्रोटिएसोमने खाल्ला असता. तसं नाही. बाहेरच्या आवरणाचं काम अडलं की पुढची मायटोफॅजी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाची ऑटोफॅजी, हीही रेंगाळते, म्हणून तो वाचतो. हा फरक औषधाने सुटत नाही. त्यासाठी ऑटोफॅगोसोम बनायला लागणारं एटीजी-५ जनुक काढून टाकलेल्या पेशी हव्यात: त्यांत मायटोफ्युसिन-२ नेहमीसारखं नाहीसं झालं आणि आतला घटक मात्र तसाच राहिला, तर दोन वाटा वेगळ्या असल्याचं तुम्ही दाखवलंत. त्या पेशी मिळत नसतील, तर प्रोजेक्टच्या निष्कर्षात आतल्या घटकाबद्दल ‘तो घटला’ एवढंच लिहा, आणि वाटेचं नाव मायटोफ्युसिन-२पुरतंच घ्या.