लाल आकडे, ठळक ओळी आणि दोन नवे स्तंभ

आर्थिक तक्त्याच्या छायाचित्रावरून आकडे उतरवून घेण्याचे काम मी पहिल्यांदा केले, तेव्हा प्रत्येक अंक दोनदा तपासला होता. तरीही फाइल पुढे गेल्यावर बेरीज जुळेना. अंक सारे बरोबर होते. मात्र मूळ तक्त्यात तोट्याचे आकडे केवळ लाल रंगाने दाखवले होते आणि बेरजेच्या ओळी केवळ ठळक अक्षरांनी. मी तेच रंग आणि तोच ठळकपणा स्प्रेडशीटमध्ये जपला, पण फाइल सीएसव्ही स्वरूपात साठवताच दोन्ही नाहीसे झाले, कारण त्या स्वरूपात फक्त मजकूर टिकतो.

उणे चिन्ह मुळात का नसते, हे आधी समजून घ्यावे. एक्सेलमध्ये `#,##0;[Red]#,##0` असे स्वरूप दिले, तर ऋण संख्या लाल दिसते, पण तिच्या आधी उणे चिन्ह छापले जात नाही. मूळ फाइलमधली संख्या ऋणच असते; छायाचित्रात मात्र तिची एकमेव खूण रंग ही उरते. म्हणून मी आता रक्कम चिन्हाशिवाय लिहितो आणि चिन्ह व ओळीचा प्रकार यांना स्वतंत्र स्तंभ देतो. पुढील नमुन्यात विभाग ब आणि व्याज हे आकडे चित्रात लाल होते, तर दोन्ही नफ्यांच्या ओळी ठळक होत्या.

```
label,amount,sign,row_type
विभाग अ,412,1,detail
विभाग ब,87,-1,detail
विभाग क,156,1,detail
कामकाजी नफा,481,1,subtotal
व्याज,64,-1,detail
इतर उत्पन्न,23,1,detail
करपूर्व नफा,440,1,total
```

आता पडताळा घ्यावा. ४१२ मधून ८७ वजा करून १५६ मिळवले की ४८१ येतात. त्यातून ६४ वजा करून २३ मिळवले की ४४०. विभाग ब चा लाल रंग नजरेतून सुटला असता, तर पहिली बेरीज ६५५ झाली असती आणि फरक १७४ पडला असता, म्हणजे ८७ च्या बरोबर दुप्पट. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या तपशील-ओळीशी जुळली, की त्या ओळीचे चिन्ह सर्वांत आधी पाहावे. दोन ओळींची चिन्हे चुकली असतील, तर ती निम्मी रक्कम त्या दोघींच्या बेरजेएवढी असू शकते, हेही लक्षात असू द्यावे. ओळीचा प्रकार नोंदवला नाही तर चूक वेगळीच दिसते: चिन्हे बरोबर असूनही सातही ओळी मिळवल्या की १३६१ येतात, तर फक्त `detail` ओळींची बेरीज ४४० च येते.

ठळक ओळ म्हणजे बेरीज, असे मात्र गृहीत धरू नये. कधी ते रक्कम नसलेले शीर्षक असते, तर कधी लक्ष वेधण्यासाठी ठळक केलेला साधा तपशील. वरच्या ओळींची बेरीज तिच्याशी जुळते का, यावरूनच मी तिला `subtotal` म्हणतो. छायाचित्र हलले असेल तर साधी अक्षरेही जाड भासतात, म्हणून शेजारच्याच ओळीशी तुलना करावी. पानाच्या दुसऱ्या टोकाच्या ओळीशी नव्हे.

रंगाचीही अशीच अडचण होते. जेपेग फाइलमध्ये रंगाची माहिती बहुधा प्रकाशमानतेपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. त्यामुळे बारीक टाइपातला लाल अंक तपकिरी किंवा करडा दिसू शकतो. पिवळसर उजेडात घोटाळा आणखी वाढतो. अशा वेळी चित्र मोठे करून अंकाच्या रेषेचा मध्यभाग पाहावा आणि जवळच्या निश्चित काळ्या अंकाशी ताडून घ्यावा. तरीही खात्री झाली नाही, तर मी चिन्हाची जागा रिकामी ठेवतो आणि बेरजेने उत्तर दिले, तरच ती भरतो. आकडा लाल असून कंसातही असेल, तर त्या एकाच ऋणाच्या दोन खुणा आहेत; चिन्ह दोनदा उलटवू नये.

सर्वांत फसवा स्तंभ म्हणजे अंदाजपत्रकाशी असलेला फरक. समजा, अंदाजित खर्च ५०, प्रत्यक्ष खर्च ६४ आणि फरकाच्या रकान्यात लाल १४ आहे. प्रत्यक्षातून अंदाज वजा केला की अधिक १४ येतात. तक्त्यातील बाकीचे फरकही याच दिशेने काढलेले असतील, तर इथला लाल रंग ऋण संख्या दाखवत नसून फरक प्रतिकूल असल्याचे सांगतो. मग `sign` मध्ये १ लिहून लाल रंगाचा अर्थ `adverse` अशा वेगळ्या स्तंभात नोंदवावा. फरकाची दिशा मी प्रत्येक तक्त्यासाठी किमान दोन ओळींवर तपासतो: एक लाल आणि एक काळी.